दोन्ही चाकं सारखी वळत असतील, तर ट्रॅक्टर बिघडलाय



आजची नोंद पिकाची नाही, ट्रॅक्टरच्या पुढच्या दोन चाकांची आहे. थोडी वादाची आहे. आमचे मिस्त्री लोक रागावतील, पण मी मोजून बोलतोय.

आपल्याकडे एक समज पक्का बसलाय. पुढची दोन्ही चाकं वळताना अगदी सारखी वळली पाहिजेत, म्हणजे अलाइनमेंट बरोबर. सरळ चालताना हे खरं आहे. वळताना हे साफ चूक आहे. वळणाच्या आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलंच पाहिजे. थोडंथोडकं नाही, पूर्ण वळणात पंधरा-सोळा अंश जास्त. हा बिघाड नाही, ट्रॅक्टर तसाच बनवलेला असतो. आणि आपण गॅसची फ्लेम मारून, घणाने ठोकून तो 'दुरुस्त' करतो.

माझंच सांगतो. मागच्या हंगामात नांगरट करताना पुढचं डावं चाक बांधातल्या दगडावर चढलं आणि डावा स्टिअरिंग आर्म वाकला. (किंगपिनपासून मागे जाऊन टाय रॉडला मिळतो, तो हातभर नसलेला तुकडा.) तालुक्याला एका वर्कशॉपात नेला. मिस्त्रीने आर्म लाल होईपर्यंत तापवला आणि ठोकून सरळ केला. मग उजवा बघून म्हणाला, "भाऊ, हा पण आत झुकलाय. दोन्ही सरळ करून देतो, चाकं एकसारखी वळतील." मी मान डोलावली. चूक त्याची जेवढी, तेवढीच माझी.

टो-इन त्याने व्यवस्थित लावून दिलं. रस्त्यावर ट्रॅक्टर नाकासमोर चालायचा, म्हणून मीही खूश. पण शेतात तास संपलं की बांधाकडेला वळताना बाहेरचं चाक माती ढकलायला लागलं. चाकाच्या कडेला फाळाने ओढावा तसा मातीचा वरंबा उभा राहायचा. स्टिअरिंग जड झालं. हंगाम संपायच्या आत पुढच्या टायरच्या बरगड्यांना एका बाजूने करवतीसारखी धार आली. मी टायर कंपनीला शिव्या दिल्या, दुकानदाराशी भांडलो. टायरचा काही दोष नव्हता.

आता कारण बघू. ज्यांनी खळ्यावर पात धरलेली आहे त्यांना हे दोन मिनिटांत कळेल. मधे तिवडा, त्याभोवती जोडीने फिरणारे बैल. तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी वळत राहतो, कडेचा बैल मोठा फेरा मारतो. दोघं एकाच तिवड्याभोवती फिरतात, पण आतल्याचा फेरा लहान, म्हणून त्याला पावलोपावली जास्त वळावं लागतं. दोघांनी सारखंच वळायचं ठरवलं तर जोडी ओढाताणीत अडकेल.

ट्रॅक्टरलाही वळताना असाच एक अदृश्य तिवडा असतो. मागची चाकं डावी-उजवीकडे वळत नाहीत, म्हणून तो तिवडा मागच्या ॲक्सलच्या रेषेतच कुठेतरी असणार, ट्रॅक्टरच्या आतल्या बाजूला. पुढचं प्रत्येक चाक न घासता फिरायचं असेल, तर त्याच्या ॲक्सलची रेषा त्या तिवड्याकडेच बघत असली पाहिजे. दोन्ही चाकं तिवड्यापासून वेगवेगळ्या अंतरावर आहेत, म्हणून दोघांचे कोनही वेगळे.

माझ्या ट्रॅक्टरचं माप घेऊन हिशोब मांडतो. मागच्या ॲक्सलपासून पुढच्या ॲक्सलपर्यंत १९० सेंमी. दोन किंगपिनमधलं अंतर १२० सेंमी. समजा आपण असं वळतोय की तिवडा आतल्या किंगपिनच्या रेषेपासून आडवा १६० सेंमीवर आहे. मग बाहेरच्या किंगपिनपासून तो १६० अधिक १२०, म्हणजे २८० सेंमीवर. आतल्या चाकासाठी १९० भागिले १६०, येतात १.१९, हा कोन ५० अंशांचा. बाहेरच्यासाठी १९० भागिले २८०, येतात ०.६८, हा कोन ३४ अंशांचा. एकाच वळणात एक चाक ५० आणि दुसरं ३४. फरक १६ अंशांचा.

वळण सौम्य असेल तर फरक कमी. आतलं चाक १० अंश वळलं तर बाहेरचं ९ लागतं. म्हणून रस्त्याच्या साध्या वळणावर बिघाड जाणवत नाही. तो कळतो बांधाकडेला, पूर्ण स्टिअरिंग मारल्यावर. माझी दोन्ही चाकं सारखीच वळत होती, म्हणजे हे १६ अंश कुणीतरी घासून भरून काढत होतं. एवढ्या कोनाला दर मीटर चालीमागे पाव मीटरहून जास्त आडवी ओढ होते. ती दोन चाकांत वाटली जाते, आणि टायरचं रबर व बांधाकडचं पीक तिची किंमत मोजतात.

हा फरक येतो कुठून? त्या झुकलेल्या आर्ममधूनच. टाय रॉड ॲक्सलच्या मागे असेल तर दोन्ही आर्म मागे जाताना किंचित आत झुकलेले असतात. किंगपिनवरून आर्मच्या टोकातून दोरी मागे ताणली, तर दोन्ही दोऱ्या साधारण मागच्या ॲक्सलच्या मध्यावर भेटतात. टाय रॉड ॲक्सलच्या पुढे असेल तर हेच उलटं, आर्म पुढे जाताना बाहेर फाकलेले. या झुकावामुळे एकच रॉड दोन चाकांना वेगवेगळं वळवतो. माझ्या मापाला पूर्ण वळणात ५० ला साडेचौतीस मिळतात, म्हणजे जवळपास अचूक. मधल्या कोनांना एक-दोन अंश चुकतात, तेवढं चालतं. आर्म सरळ केले की दोन्ही चाकं समांतर वळतात आणि सगळी करामत संपते.

ही युक्ती ट्रॅक्टरपेक्षा जुनी आहे. म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याची ती, आणि १८१८ साली लंडनमध्ये रुडॉल्फ ॲकरमनने तिचं पेटंट घेतलं. म्हणून नाव पडलं ॲकरमनचं. दोनशे वर्षांपूर्वी घोड्याच्या बग्गीसाठी जे कळलं, ते आपण आज घणाखाली मोडतोय.

काही जण म्हणतील, "टो-इन बरोबर असलं की झालं." नाही झालं. टो-इन म्हणजे चाकं सरळ असताना पुढच्या आणि मागच्या कडेतलं अंतर, आणि ते फक्त टाय रॉडच्या लांबीने ठरतं. आर्म वाकडे असले तरी रॉड कमी-जास्त करून टो-इन जुळवता येतं. माझं जुळलेलंच होतं. सरळ चालीची परीक्षा पास, वळणाची नापास.

दुसरे म्हणतील, "आम्ही तर एका बाजूचा ब्रेक दाबूनच वळतो, तिथे कसला हिशोब?" बरोबर आहे. एका ब्रेकवर वळताना ट्रॅक्टर स्टिअरिंगच्या हिशोबाबाहेर फिरतो आणि पुढची चाकं घासतातच. पण मग निदान बाकीच्या वळणांना तरी घासू नयेत. कपाशी-सोयाबीनसाठी पुढची रुंदी वाढवली तरीही थोडी चूक येते, कारण किंगपिन लांब गेले तरी आर्मचा झुकाव तोच राहतो. माझ्या मापात किंगपिन १५० सेंमीवर गेले तर दोऱ्या मागच्या ॲक्सलच्या जवळपास अर्धा मीटर मागे भेटतात. ही चूक लहान आहे, तिला इलाज नाही. फक्त रुंदी वाढवताना दोन्ही बाजू सारख्याच ओढा, टाय रॉडसुद्धा.

आता तुमचा ट्रॅक्टर तपासायची रीत. वर्कशॉपला जायची गरज नाही, टेप आणि खडू पुरे.

आधी चाकं सरळ ठेवून आर्मच्या उंचीला दोन किंगपिनच्या मध्यांमधलं अंतर मोजा, मग टाय रॉडच्या दोन टोकांच्या मध्यांमधलं. टाय रॉड मागे असेल तर दुसरं अंतर कमी हवं. वीस सेंमीच्या आर्मला माझ्या मापात १२० च्या जागी १०८ हवं. दोन्ही अंतरं सारखी आली, तर तुमच्या ट्रॅक्टरचे आर्म कुणीतरी 'सरळ' केलेत.

मग पक्क्या सपाट अंगणात ट्रॅक्टर उभा करा. चाकं सरळ असताना प्रत्येक टायरच्या कडेला फळी लावून खडूने पुढे रेघ मारा. मग पूर्ण डावीकडे वळवा आणि पुन्हा फळी लावून रेघ मारा. जुन्या रेघेवर, दोन रेघा जिथे मिळतात तिथून १०० सेंमी पुढे जा आणि नवी रेघ तिथे किती आडवी गेली ते मोजा. आतल्याचं ११९ आलं तर बाहेरच्याचं ६८ च्या आसपास हवं. तुमची मापं वेगळी असतील, तर वरच्या भागाकारात स्वतःचे आकडे घाला. हेच उजवीकडे वळवून करा. डावी-उजवीकडचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, तर एकच आर्म वाकलाय.

माझे आले डावीकडे ११५ आणि ११४. तेव्हा डोळे उघडले. दोन्ही आर्म नवे टाकले. पुन्हा मोजले, ११८ आणि ६९. बांधाकडेचा वरंबा त्याच दिवशी बंद झाला.

आणि शेवटची गोष्ट, टायरपेक्षा मोठी. स्टिअरिंग आर्म घडीव पोलादाचा असतो, त्याला कारखान्यात उष्णता देऊन कणखर केलेलं असतं. लाल तापवला की ती कणखरता गेली. तो पुन्हा वाकतो, नाहीतर भेग पडून तुटतो. शेतात तुटला तर ट्रॅक्टर उभा राहील. उसाच्या दोन ट्रॉल्या मागे असताना उतारावर तुटला, तर पुढे कोण चालत असेल ते सांगता येत नाही. म्हणून वाकलेला आर्म तापवायचा नाही, ठोकायचा नाही, वेल्डिंग तर नाहीच. बदलायचा. मिस्त्री "सारखी करून देतो" म्हणाला, तर त्याला अंगणातल्या खडूच्या रेघा दाखवा.

मोजा, आणि तुमचे चारही आकडे खाली टाका. ट्रॅक्टरच्या दोन ॲक्सलमधलं अंतर आणि किंगपिनमधलं अंतर लिहायला विसरू नका.