हजरतगंज एकच, बेरजा चार

स्थळनिहाय आकडेवारी प्रसिद्ध करणाऱ्या प्रत्येक संस्थेने नावाशेजारी स्थळाचा संकेतांक द्यावा आणि नावांची निरनिराळी रूपे कोणत्या नियमांनी एकत्र केली हे तक्त्याखाली नमूद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण समजण्यास लखनौमधील एक वस्ती पुरेशी आहे.

समजा, तापाच्या रुग्णांची स्थळनिहाय मोजणी करायची आहे. (आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) 'हज़रतगंज' असे नुक्त्यासह लिहिलेल्या २५ नोंदी आहेत. त्यांपैकी १४ नोंदींत 'ज़' हे अक्षर U+095B या एकाच संकेताने साठवलेले आहे, तर ११ नोंदींत ते 'ज' आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी, म्हणजे U+091C U+093C असे आहे. आणखी १९ नोंदींत नुक्ता नसलेले 'हजरतगंज' आहे आणि ६ नोंदींत 'हजरत गंज' असे तोडून लिहिले आहे. पहिली दोन रूपे पडद्यावर तंतोतंत सारखी दिसतात. पण संगणक आकृती नव्हे, संकेत ताडून पाहतो. त्यामुळे तक्त्यात चार ओळी उमटतात: १९, १४, ११ आणि ६. काकोरीच्या २२ नोंदी मात्र एकाच लेखनात असल्याने ती पहिल्या क्रमांकावर जाते. प्रत्यक्षात हजरतगंजचे रुग्ण ५० आहेत.

भौतिकशास्त्रात आपण यादृच्छिक आणि पद्धतशीर त्रुटींमध्ये भेद करतो. ही त्रुटी दुसऱ्या प्रकारची आहे. नाव फुटले की त्या स्थळाची बेरीज घटतेच, आणि नोंदी वाढवल्याने हा दोष विरत नाही. शिवाय तो सर्वांना सारखा बाधत नाही. ज्यांच्या नावात नुक्ता आहे किंवा जी नावे दोन शब्दांची आहेत, ती स्थळेच अधिक विखुरतात.

यातला एक थर निव्वळ यांत्रिक आहे. मूळ नाव तसेच ठेवून, केवळ तुलनेसाठी वेगळी किल्ली तयार करावी:

```python
import re, unicodedata

def key(s):
    s = unicodedata.normalize("NFD", s)
    return re.sub(r"[\u093c\u200c\u200d\s]", "", s)
```

NFD मुळे U+095B चे 'ज' आणि नुक्ता असे दोन भाग होतात. त्यानंतर नुक्ता, अदृश्य जोडचिन्हे आणि रिकाम्या जागा गळतात. हजरतगंजच्या चारही रूपांची किल्ली एकच येते. 'कऱ्हाड' हे नाव कोणी 'ऱ' वापरून, तर कोणी 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून टंकलिखित करतो. तीही रूपे येथे जुळतात.

यापुढचा थर मात्र यंत्रावर सोपवता येत नाही. लखनौ जिल्ह्यातील एक तहसील 'बख्शी का तालाब' अशी लिहितात, तशीच 'बक्शी का तालाब' अशीही. 'एका अक्षराचा फरक असेल तर नावे एकच माना' हा नियम येथे योग्य उत्तर देतो. पण तोच नियम विदर्भातील अकोला आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले यांनाही एकत्र करतो. अंतर तेवढेच, उत्तर मात्र उलट. याउलट मराठीतील 'लखनौ' आणि हिंदीतील 'लखनऊ' एकच शहर आहे, हे वरची किल्ली ओळखू शकत नाही. आणि कर्जत रायगडमध्येही आहे, अहिल्यानगरमध्येही. तेथे लेखन अगदी सारखे असूनही स्थळे दोन आहेत. म्हणून अक्षरांतील अंतराने संशयित जोड्या पुढे आणाव्यात. निर्णय त्या भागाची माहिती असलेल्या माणसाने करावा आणि तो तक्त्यात नोंदवावा.

गावांसाठी हा आधार उपलब्ध आहे. पंचायती राज मंत्रालयाच्या 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी'त प्रत्येक गावाला स्वतंत्र संकेतांक आहे. शहरातील मोहल्ले तिच्या गावयादीत येत नाहीत, म्हणून त्यांची अधिकृत यादी नगर निगमांनी ठेवायला हवी. किल्ली वापरण्यापूर्वी ती याच यादीवर, तहसीलनिहाय, चालवून पाहावी. एकाच तहसीलीत दोन संकेतांकांची किल्ली सारखी आली, तर तेथे नियम फार ढोबळ ठरतो आणि ती नावे हाताने तपासावी लागतात.

शेवटी दोन गोष्टी पाहाव्यात. एकत्रीकरणाच्या आधीची आणि नंतरची एकूण बेरीज समान हवी. आणि कोणत्याही संकेतांकाशी न जुळलेल्या नोंदी 'अनिर्णित' म्हणून वेगळ्या, आकड्यासह छापलेल्या हव्यात. स्थळनिहाय तक्त्यात 'अनिर्णित' ही ओळच नसेल, तर त्या नोंदींचे काय केले हे वाचकाने विचारावे. त्याचे उत्तर मिळेपर्यंत त्या तक्त्यातील क्रमवारीवर निष्कर्ष उभारू नये.