पगार पुरा, मन पावणे

यंदा गणपतीला आम्ही साडूंकडे गेलो होतो. ते पावण्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट आहेत. एप्रिलात त्यांच्या प्रयोगशाळेतील सर्वांना घसघशीत पगारवाढ मिळाली. पेढे आमच्याही घरी आले होते. पण मेहुणी म्हणाली, "भावोजी, पहिले दोन महिने स्वारी खुशीत होती. आता पुन्हा गप्प!"

पगार पुरा झाला, मन मात्र पावणेच राहिले. (गावाच्या नावावर कोटी केल्याबद्दल पावणेकरांनी मराठीच्या मास्तराला क्षमा करावी.)

या कोड्याचे एक उत्तर फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1959 साली दिले. पिट्सबर्ग भागातील सुमारे दोनशे इंजिनिअर व हिशेबनीस यांना त्याने विचारले, कामावर फार बरे केव्हा वाटले आणि फार वाईट केव्हा? वाईटाच्या गोष्टींत कंपनीचे नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार हे आले; बऱ्याच्या गोष्टींत हातून घडलेले काम, त्याची झालेली कदर आणि अंगावर पडलेली जबाबदारी. पहिल्या गटाला त्याने आरोग्यरक्षणाची उपमा दिली. गटार साफ असले की रोग टळतो. पण त्याने कोणी पहिलवान होत नाही!

मी साडूंना विचारले, "वाढीने काहीच झाले नाही?"

"झाले की! शेजारच्या कारखान्यात जास्त देतात ही कुरकुर थांबली. नोकरी सोडणारे दोघे राहिले."

म्हणजे गटार साफ झाले होते. मग दिवसभराचे काम काय, म्हणून विचारले. नमुना यायचा, हे तपासायचे, आकडे लिहायचे. रिपोर्टाखाली सही प्रमुखांची. माल परत पाठवायचा की नाही, तेही प्रमुखच ठरवणार. अकरा वर्षे हेच!

हर्झबर्गने 1968 साली असाच एक प्रयोग सांगितला आहे. एका मोठ्या कंपनीत भागधारकांना उत्तरे लिहिणाऱ्यांची पत्रे वरिष्ठांच्या सहीने जात. काहींना स्वतःची सही करू दिली आणि मुरलेल्यांच्या पत्रांची तपासणी कमी केली. पहिल्यांदा काम थोडे घसरले. सहा महिन्यांत ते इतरांच्या पुढे गेले. घाईचा मालक पहिल्या महिन्यातच प्रयोग गुंडाळता!

या मतावर आक्षेपही आहे. चांगले झाले की माणूस श्रेय स्वतःला घेतो, वाईटाचे खापर कंपनीवर फोडतो. तेव्हा असे विचारले की असेच उत्तर येणार. मला हा आक्षेप खरा वाटतो. शिवाय पगार अपुरा असताना नुसती सही देणे ही थट्टाच.

साडू बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "सही माझी, म्हणजे चूकही माझीच ना?"

"अर्थात!"

"मग एका मालापुरते तरी प्रमुखांना विचारून पाहतो," म्हणाले, आणि मेहुणीला चहा टाकायला सांगितले.