‘खाद्य वनस्पती फॅट’ म्हणजे नेमके कोणते तेल, हे पुडक्यावर छापणे सक्तीचे करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण,
एफडीए भवन, कोटला रोड, नवी दिल्ली

विषय : घटकांच्या यादीत ‘वनस्पती फॅट’ किंवा ‘वनस्पती तेल’ या शब्दांआड राहणारे पाम तेल नावानिशी जाहीर व्हावे, यासाठी अन्न सुरक्षा आणि मानके (लेबलिंग व प्रदर्शन) विनियम, २०२० मध्ये दुरुस्ती करण्याची मागणी.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पुण्यातील ग्राहक आहोत. आमच्यात घरचा किराणा भरणाऱ्या गृहिणी आहेत, हृदयविकाराचे रुग्ण आहेत, एक बेकरीचालक आहेत आणि अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थही आहेत. पाम तेलावर बंदी घाला, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ते विष आहे असेही आम्ही मानत नाही. विकत घेतलेल्या पुडक्यात ते आहे की नाही, हे पुडके वाचून कळावे, एवढीच मागणी आहे. आजच्या नियमांत ते का कळत नाही, हे सविस्तर मांडतो.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, हा नियम चांगला आहे. मात्र स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत तोच नियम दोन वाटांनी जातो. घटक ‘खाद्य वनस्पती तेल’ असेल, तर त्या तेलाचे विशिष्ट नाव द्यावे लागते. शेंगदाणा, मोहरी, पामोलीन, जे असेल ते. घटक ‘खाद्य वनस्पती फॅट’ असेल, तर त्याचा केवळ प्रकार सांगितला तरी चालतो : हायड्रोजनेटेड, इंटरएस्टरिफाइड, फ्रॅक्शनेटेड, मार्जरीन वगैरे. हे प्रकार म्हणजे तेलावर केलेल्या प्रक्रिया आहेत. ते तेल कोणत्या झाडाच्या फळातून किंवा बियांतून आले, याचा त्यांतून पत्ता लागत नाही. म्हणून फरसाणाच्या पाकिटावर ‘पामोलीन’ दिसते आणि क्रीम बिस्किटावर, खारीवर किंवा केकवर ‘खाद्य वनस्पती फॅट (इंटरएस्टरिफाइड)’ एवढेच दिसते, जरी दोन्हींचे मूळ एकाच फळात असू शकते.

असे होण्यामागे तांत्रिक कारण आहे. पाम तेल आपल्या हवेत अर्धवट थिजलेले असते. थंड करून गाळले की पातळ भाग निघतो तो पामोलीन, आणि घट्ट भाग उरतो तो पाम स्टिअरिन. पातळ भाग तळणीला जातो. घट्ट भाग आणि त्यापासून केलेली मिश्रणे बिस्किटाच्या पिठात, क्रीममध्ये आणि खारीच्या पदरांत जातात. आमचे बेकरीचालक सदस्य सांगतात की, खारीचा पदर सुटायला फॅट पिठाच्या दोन थरांमध्ये टिकून राहावे लागते, पातळ तेल पिठात मुरून जाते. पूर्वी ही गरज अंशतः हायड्रोजनेटेड वनस्पती तुपाने भागत असे. प्राधिकरणाने तेल-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ मध्ये २ टक्के केली. तो निर्णय योग्यच होता आणि त्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. परंतु त्यानंतर घट्टपणा आणण्यासाठी पामचा घट्ट भाग ही सर्वांत सोयीची आणि स्वस्त वाट उरली. म्हणजे ज्या शब्दात तेलाचे नाव सांगण्याची सक्ती नाही, त्याच शब्दाखाली पाम तेल असण्याची शक्यता आता सर्वांत जास्त आहे.

मग ग्राहकाने ओळखायचे कसे? पोषणमूल्यांच्या तक्त्यावरून अंदाज बांधता येतो. आम्ही तो कसा बांधतो, ते एका नमुन्यावर दाखवतो. समजा, क्रीम बिस्किटाच्या पुडक्यावर मैदा, साखर, खाद्य वनस्पती फॅट (इंटरएस्टरिफाइड), कोको २ टक्के, दुधाची भुकटी १ टक्का असे घटक आहेत. तक्त्यात १०० ग्रॅममागे एकूण स्निग्धांश २० ग्रॅम आणि त्यांतील संपृक्त स्निग्धांश ९.६ ग्रॅम दिला आहे. मैदा, कोको आणि दूध यांचा स्वतःचा स्निग्धांश ढोबळमानाने सव्वा ग्रॅम धरू आणि त्यातला अर्धा ग्रॅम संपृक्त मानू. उरला सुमारे पावणेएकोणीस ग्रॅम, त्यात संपृक्त ९.१ ग्रॅम. म्हणजे घातलेल्या फॅटचा सुमारे ४८ टक्के भाग संपृक्त आहे.

आता हा आकडा तेलांशी ताडून पाहू. सूर्यफूल तेलात संपृक्त भाग ११ टक्क्यांच्या आसपास असतो, सोयाबीनमध्ये १५, शेंगदाण्यात १७ ते २० आणि सरकीच्या तेलात २५ च्या जवळपास. खोबरेल आणि पामच्या गरातून नव्हे तर बीमधून निघणारे पाम कर्नल तेल ८० च्या वर जातात. ४८ ते ५० च्या घरात बसणारे सर्रास वापरातले तेल एकच, पाम. या पुडक्यात पाम आहे, असा अंदाज वाचक करू शकतो.

पण हा अंदाजच राहतो, आणि आमची खरी तक्रार इथे आहे. पूर्ण हायड्रोजनेटेड सोयाबीन साध्या सोयाबीनमध्ये मिसळूनही असाच आकडा आणता येतो. खोबरेल आणि सूर्यफूल एकत्र करूनही येतो. पदार्थात लोणी असेल तर हिशोब बिघडतो, कारण दुधाच्या स्निग्धांशाचा दोनतृतीयांशाच्या जवळपास भाग संपृक्त असतो. आपला रोजचा पातळ पोह्यांचा चिवडाच घ्या. त्यातले खोबऱ्याचे काप संपृक्ताचे प्रमाण वर ओढतात, शेंगदाणे ते खाली आणतात, आणि तळणीचे तेल कोणते ते या गणितातून अजिबात कळत नाही. ग्राहकाला कायद्याने कलम ४० खाली पदार्थ अन्न विश्लेषकाकडे पाठवता येतो, पण त्याचे शुल्क भरावे लागते आणि दहा रुपयांच्या पुडक्यासाठी ते कोणी करत नाही. शिवाय प्रयोगशाळेत मिळते ती स्निग्धाम्लांची यादी. त्यात पामिटिक आम्ल भरपूर दिसले की पामचा संशय बळावतो, पण तीन-चार तेलांच्या इंटरएस्टरिफाइड मिश्रणातून प्रत्येक तेल किती टक्के, हे नेमके वेगळे काढणे अवघड जाते, असे आमचे निवृत्त सहकारी अनुभवाने सांगतात. जे कारखान्याच्या खरेदीवहीत एका ओळीत लिहिलेले असते, ते बाहेरच्या माणसाने कोडे म्हणून सोडवत बसावे, हे आम्हाला मान्य नाही.

आणखी एक फट आहे, तिच्याकडे फार कोणाचे लक्ष जात नाही. एखादा घटक स्वतःच अनेक घटकांचा बनलेला असेल आणि त्याचे पदार्थातील प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर खाद्य समावेशक द्रव्ये वगळता त्याचे पोटघटक लिहिण्याची गरज नाही. कुकीवर ‘चोको चिप्स ४.५ टक्के’ असे लिहिले की त्या चिप्समधील कोको बटरऐवजी वापरलेले पाम कर्नल फॅट यादीतून कायदेशीरपणे नाहीसे होते. दुसरीकडे पुडक्यावर ज्या घटकाचा उल्लेख ठळकपणे केला जातो, त्याचे प्रमाण द्यावे लागते. त्यामुळे ‘बटर’ कुकीत बटर किती टक्के, हे कळते. उरलेल्या फॅटचे मूळ मात्र कळत नाही, आणि तेच सहसा बटरपेक्षा कितीतरी जास्त असते.

संपृक्त स्निग्धांशाचा आकडा छापला जात असताना नावाची काय गरज, असे कोणी म्हणेल. आकडा डॉक्टरांच्या सल्ल्यापुरता उपयोगी आहे, हे आम्ही मान्य करतो. पण कोणी पाम तेल टाळते ते इंडोनेशिया आणि मलेशियातील जंगलतोडीच्या काळजीने, कोणाला इथल्या शेंगदाणा किंवा करडई उत्पादकाकडून घ्यायचे असते. ही निवड आकड्यावरून करता येत नाही. उलट, नाव न मिळाल्याने लोक सगळ्याच वनस्पती फॅटला घाबरतात आणि जो कारखाना चांगले तेल वापरतो त्याचेही नुकसान होते.

उद्योगांची एक अडचण खरी आहे. तेलाचे भाव सारखे बदलतात, खरेदी बदलते आणि वेष्टनांची छपाई महिने आधी झालेली असते. परंतु पुडके भरताना त्यावर बॅच क्रमांक आणि तारीख यंत्राने छापली जातेच. त्याच जागी तेलाचे संकेताक्षर छापता येईल आणि वेष्टनावर त्या अक्षरांचा अर्थ आधीच छापून ठेवता येईल. युरोपीय संघात १३ डिसेंबर २०१४ पासून तेल आणि फॅट या दोन्हींच्या मागे वनस्पतीचे नाव द्यावेच लागते, आणि ते देऊनही तिथला बिस्किट उद्योग चालू आहे. आपल्याकडेही मिश्र खाद्यतेलाच्या बाटलीवर दोन्ही तेलांची नावे आणि टक्केवारी देणे सक्तीचे आहेच. बाटलीला जमते ते पुडक्याला जमेल.

या सर्व बाबी लक्षात घेऊन आमच्या मागण्या अशा :

१. ‘खाद्य वनस्पती फॅट’ या वर्गनावापुढे प्रक्रियेच्या प्रकाराबरोबर मूळ तेलाचे नावही देणे सक्तीचे करावे. उदाहरणार्थ, ‘खाद्य वनस्पती फॅट (इंटरएस्टरिफाइड, पाम, सोयाबीन)’. पाम तेल, पामोलीन, पाम स्टिअरिन आणि पाम कर्नल यांपैकी काय आहे ते स्पष्ट लिहावे, कारण पाम आणि पाम कर्नल यांच्या संपृक्त प्रमाणात मोठा फरक आहे.

२. ‘पामोलीन किंवा सरकी किंवा राइस ब्रॅन यांपैकी एक वा अधिक’ असे सरसकट लिहिण्यास मनाई करावी. तेल खरोखरच बदलत असेल, तर त्या बॅचमधील तेल बॅच क्रमांकाशेजारी संकेताक्षराने दाखवावे.

३. घटक ५ टक्क्यांपेक्षा कमी असला, तरी त्यातील तेल आणि फॅट यांना मिळणारी सूट काढून घ्यावी. ॲलर्जी करणाऱ्या पदार्थांना जसे वेगळे जाहीर करावे लागते, तसेच हे असावे.

४. पुडक्याच्या नावात बटर, तूप किंवा शेंगदाणा असेल आणि मुख्य फॅट वेगळे असेल, तर त्या मुख्य फॅटचे नाव आणि टक्केवारी त्याच दर्शनी बाजूला द्यावी.

दुरुस्तीचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध करावा, आणि लेबलविषयक बदल १ जुलैपासून लागू करण्याच्या प्राधिकरणाच्या पद्धतीनुसार पुढील १ जुलैपासून तो अमलात आणावा. शिल्लक वेष्टने संपवण्यासाठी लहान उत्पादकांना एक वर्षाची मुदत द्यावी, ही आमच्या बेकरीचालक सदस्याची विनंती आम्हा सर्वांना मान्य आहे. दरम्यान, ‘खाद्य वनस्पती तेल’ असे लिहून तेलाचे नाव न देणाऱ्या पुडक्यांवर आजच्याच नियमांनुसार कलम ५२ खाली कारवाई करता येते. ती करण्याबाबत राज्यांच्या अन्न सुरक्षा आयुक्तांना सूचना द्याव्यात.

या निवेदनावर काय निर्णय झाला, आणि एखादी मागणी मान्य होत नसेल तर ती कोणत्या कारणाने, हे लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
स्वाक्षरी करणारे ग्राहक, पुणे
(स्वाक्षऱ्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई