कॉपी झाली म्हणे!

बीड जिल्ह्यात हिंडताना आवाज जमवणारी माणसं हमखास भेटतात. कुणी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गाणी रेकॉर्ड करतं, कुणी भारूड, कुणी स्वतःच्या आजीच्या ओव्या. रेकॉर्डरमधलं कार्ड भरतं आणि उद्या दुसऱ्या गावाला जायचं असतं. मग लॅपटॉप उघडायचा, कार्डातलं सगळं पेन ड्राइव्हवर ओढायचं, पट्टी शेवटाला पोचली की कार्ड फॉरमॅट. माझं भांडण या शेवटच्या दोन कृतींमध्ये काहीच घडत नाही, याच्याशी आहे.

माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभारलेल्या संग्रहासाठी त्या रेकॉर्ड झाल्या, म्हणून आज आपण ऐकू शकतो. राईरकर आणि पॉइटवाँ दोघंही आज नाहीत. जातं फिरतंय असं घर आता शोधत जावं लागतं. अशा रेकॉर्डिंगला ‘गेलं तर पुन्हा करू’ ही सोय नसते. ते करायला निघालेल्या माणसानं मूळ पुसण्याआधी प्रत वाचून बघितली पाहिजे, हा माझा आग्रह कुणाला किचकट वाटतो, कुणाला शहरी.

मला मिळणारं उत्तर ठरलेलं आहे: ‘बघितलं ना, फाइलींची संख्या जुळली, एमबीसुद्धा जुळले.’ पण संख्या आणि आकार म्हणजे ड्राइव्हवरची यादी झाली. फाइलचं नाव आणि आकार एका जागी लिहिलेला असतो, तिच्यातला आवाज दुसऱ्या जागी. यादी बरोबर आणि माल गायब, असं होऊ शकतं. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या खोट्या पेन ड्राइव्हमध्ये नेमकं हेच होतं. आत चिप ३२ जीबीची असते, पण ड्राइव्ह कॉम्प्युटरला ‘मी ५१२ जीबीची’ म्हणून सांगते. चिप भरल्यावर पुढे आलेला मजकूर ती सरळ टाकून देते, नाहीतर आधीच्यावर लिहिते. पट्टी मात्र शेवटपर्यंत जाते आणि एकही एरर येत नाही.

हिशेब करून बघा. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ अशी एक तासाची वेव्ह फाइल सुमारे ६९१ एमबीची होते. म्हणजे ३२ जीबीत साधारण ४६ तास मावतात. तुम्ही ६० तासांचं काम या ड्राइव्हवर ओढलंत, तर जादा मजकूर टाकून देणाऱ्या ड्राइव्हमध्ये शेवटचे चौदाएक तास फक्त यादीत असतील. तपासणी म्हणून माणूस करतो काय? पहिल्या दोन-तीन फाइली वाजवतो. त्या छान वाजतात, आणि कार्ड फॉरमॅट होतं. नवीन ड्राइव्ह वापरायच्या आधीच तपासायची असेल, तर विंडोजवर `h2testw` आणि लिनक्सवर `f3` हे मोफत प्रोग्राम आहेत. ते ड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि पुन्हा वाचून खरी जागा किती ते सांगतात.

पण ड्राइव्ह अस्सल असली तरी प्रत वाचावी लागतेच, आणि त्याला रीत आहे. प्रत्येक फाइलच्या सगळ्या बाइट्सवरून एक ठसा काढता येतो. एक बाइट बदलली तरी ठसा बदलतो. मूळ कार्डावरच्या फाइलींचे ठसे काढून यादी करायची आणि प्रतीवरच्या फाइली त्या यादीशी ताडायच्या. त्याआधी पेन ड्राइव्ह रीतसर इजेक्ट करून, उपसून, पुन्हा लावायची. हे सगळे टाळतात. नुकतं लिहिलेलं कॉम्प्युटरच्या मेमरीत शिल्लक असतं. लगेच तपासलंत तर कॉम्प्युटर मेमरीतलंच वाचून ‘सगळं ठीक’ म्हणतो, आणि ड्राइव्हला कुणी विचारलेलंच नसतं. लिनक्सवर एवढंच करायचं:

```
cd /media/card
find . -type f -print0 | xargs -0 sha256sum > ~/yadi.txt
cd /media/prat
sha256sum --quiet -c ~/yadi.txt
```

कार्ड आणि प्रत यांचे पत्ते आपापले घालावेत. सगळं जुळलं तर शेवटची आज्ञा काहीही न छापता संपते. फाइल बिघडलेली असेल तर नावापुढे `FAILED` येतं, आलीच नसेल तर `No such file or directory`. सेकंदाला ३० एमबी वेगानं वाचणाऱ्या ड्राइव्हवर ६० तासांचं रेकॉर्डिंग तपासायला २३ मिनिटं लागतात. ‘एवढा वेळ कुणाकडे आहे’ म्हणणाऱ्यांनी त्या बाईच्या घरी जायला एसटीची किती वाट बघितली होती, ते आठवावं.

‘आलीच नाही’ हा प्रकार मराठीत काम करणाऱ्यांना जास्त भोवतो. आपण फाइलीला गाव, गाणारीचं नाव, विषय, तारीख असं सगळं मराठीत लिहून नाव देतो. चांगलीच सवय आहे. पण लिनक्सच्या नेहमीच्या ext4 डिस्कवर नावाला २५५ बाइट्सची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स खातं. काना, मात्रा, हलन्त, सगळी वेगळी चिन्हं. ‘जात्यावरच्या’ या एका शब्दाची १२ चिन्हं, म्हणजे ३६ बाइट्स होतात. विंडोजवर मर्यादा २५५ चिन्हांची असल्यानं तिथं लांबलचक नाव सुखानं बसतं. तीच फाइल संस्थेच्या लिनक्सवाल्या साठवणीत नेली की ८५ चिन्हांच्या आतच अडते. शंभर फाइलींत चार अडल्या, त्यांचा संदेश कुणी वाचला नाही, की त्या चार कायमच्या गेल्या. सगळ्यात तपशीलवार नाव दिलेल्या, म्हणजे सगळ्यात आस्थेनं नोंदवलेल्याच फाइली जातात, याचा मला विशेष राग येतो.

आता ठशांचीही मर्यादा सांगतो, नाहीतर माझ्यावरच उलटेल. ठसा जुळला याचा अर्थ प्रत मुळासारखी आहे. मूळच बिघडलेलं असेल तर बिघाडाचीसुद्धा हुबेहूब प्रत होते. गाणं चालू असताना रेकॉर्डरची बॅटरी संपली, तर पुष्कळदा वेव्ह फाइलच्या सुरुवातीला लांबीचा आकडा लिहायचा राहून जातो. मग फाइल शंभर एमबीची असूनही प्लेअर ती शून्य सेकंदांची दाखवतो. आतला आवाज बहुधा जिवंत असतो आणि काढता येतो, पण ‘खराब आहे’ म्हणून पुसली नाही तरच. म्हणून प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडायची, प्रत्येक फाइलची लांबी वहीतल्या नोंदीशी लावायची, आणि मधला व शेवटचा मिनिटभर कानानं ऐकायचा.

राहिला जागेचा मुद्दा. टेपांची टंचाई म्हणून नासानं अपोलो ११ च्या मूळ डेटाच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या, असा निष्कर्ष तिच्याच शोधातून २००९ साली निघाला. चंद्रावरच्या पहिल्या पावलाचं जे चित्र जगाकडे उरलं, ते प्रक्षेपणासाठी रूपांतरित केलेलं, मुळापेक्षा कमी प्रतीचं. तेव्हा टेप महाग होती. आज १०० तासांचं रेकॉर्डिंग ६९ जीबीत बसतं, म्हणजे १२८ जीबीच्या एका कार्डावर. प्रवासखर्च, मानधन, उद्घाटनाचा बॅनर यांची तरतूद करणाऱ्या अर्जात दोन जादा कार्डं लिहायला कुणाची हरकत नसते. लिहिणाऱ्याला सुचत नाही. तीन कार्डं आलटून पालटून वापरली तर भरलेलं कार्ड त्याच रात्री रिकामं करायची गरजच पडत नाही. ते कागदात गुंडाळून वर तारीख टाका. दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रती ठशांशी जुळेपर्यंत ते रेकॉर्डरमध्ये परत घालू नका.