रात्रीचा श्वास आणि पहाटेची झोप

रावेरच्या बाजारपेठेतील एका व्यापारी कुटुंबाचे हे चित्र आहे. थोड्याफार फरकाने ते कोणत्याही घरी दिसू शकेल. बाळ बारा दिवसांचे आहे. दिवस भरून जन्मले, वजन पावणेतीन किलो, दूध व्यवस्थित पिते. तरीही रात्री दोनच्या सुमारास त्याचे वडील मोबाईलचा उजेड हाताने झाकून पाळण्याशी उभे असतात. छाती हलते की नाही ते नीट दिसत नाही, म्हणून ते नाकाशी बोट धरतात. श्वास थांबलेला वाटतो. ते मनात मोजू लागतात. सातपर्यंत येताच धीर सुटतो आणि ते बाळाला हलवतात. बाळ दचकून रडते, आई उठते, शेजारच्या खोलीतून आजी येतात. बाळ सुखरूप असते, पण घराची झोप गेलेली असते. तासाभराने आईची पाळी येते. दिवस उगवतो तेव्हा दोघांचेही डोळे लाल झालेले असतात आणि दुकान उघडायची वेळ झालेली असते.

या घराची चूक काळजी करण्यात नाही. नवजात बालक श्वास कसा घेते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

मोठ्या माणसाचा श्वास घड्याळाच्या लंबकासारखा एका लयीत चालतो. नवजाताचा तसा चालत नाही. ते काही श्वास भराभर घेते, मग पाच ते दहा सेकंद थांबते आणि पुन्हा आपणहून सुरू होते. श्वासाचे नियमन करणारे मेंदूतील केंद्र अजून पक्व झालेले नसते, म्हणून असे होते. शिवाय या वयातील सुमारे निम्मी झोप चाळवलेली असते. पापण्यांखाली डोळे फिरतात, ओठ हलतात, मधूनच हुंकार येतो आणि श्वास सर्वांत अनियमित होतो. बाळ मुख्यत्वे नाकाने श्वास घेत असल्यामुळे थोडासा शेंबूड असला तरी घरघर ऐकू येते. पहिल्या काही महिन्यांत हे सारे हळूहळू कमी होते. वडिलांनी मोजलेले सात सेकंद याच प्रकारातले होते.

मग धोका कोठे सुरू होतो? याची मोजपट्टी महाराष्ट्रातच, गडचिरोलीत, अत्यंत साध्या रूपात वापरली गेली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे बालकांच्या न्यूमोनियाचा प्रश्न होता. गावातील दाईंना मिनिटभरातील श्वास साठपर्यंत अचूक मोजणे अवघड जात असे. म्हणून लाकडी चौकटीत एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी बसवल्या गेल्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालील बाळाच्या ओळीतील शेवटचा, सहावा मणी वाळू संपण्यापूर्वीच सरकला, तर श्वास जलद आहे असे समजायचे. याच संस्थेच्या घरोघरी नवजात सेवेचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे 2011 पासून देशभर आशा कार्यकर्त्या नवजाताच्या घरी भेटी देऊ लागल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या आहेत.

चौदाव्या दिवशी आशाताई या घरी आल्या, तेव्हा आजींनी रात्रीची हकीकत सांगितली. ताईंनी बाळ शांत झोपेपर्यंत वाट पाहिली, कारण रडताना किंवा दूध पिताना श्वास वाढलेलाच असतो. मग अंगावरचे कापड वर घेऊन त्यांनी पोटाकडे पाहिले. बाळाचा श्वास छातीपेक्षा पोटावर स्पष्ट दिसतो. घड्याळ लावून त्यांनी पूर्ण एक मिनिट मोजले. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले, तर मधल्या थांबण्यामुळे हिशेब चुकतो. आकडा आला अठ्ठेचाळीस. तीस ते साठ ही नवजाताची नेहमीची मर्यादा आहे. “साठ किंवा जास्त आले तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा,” त्या म्हणाल्या, “आणि दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर वाट पाहू नका.”

आकड्यापलीकडची लक्षणेही त्यांनी दाखवून दिली. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग खोल आत ओढला जाणे, प्रत्येक श्वासाला कण्हणे, ओठ वा जीभ निळसर पडणे, श्वास वीस सेकंद किंवा अधिक थांबणे, बाळ दूध सोडणे अथवा उठवूनही न उठणे. यांपैकी एक जरी दिसले तरी रात्र असो वा पहाट, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या किंवा फार कमी वजनाच्या बाळात श्वास खरोखर अडखळू शकतो. अशा बाळांना हा दिलासा जसाच्या तसा लागू होत नाही. त्यांच्यासाठी बालरोगतज्ज्ञांचा स्वतंत्र सल्ला घ्यावा.

तरीही एक प्रश्न उरतो. कोणतेही लक्षण नसताना झोपेत बाळ दगावण्याच्या दुर्मीळ घटनेचे काय? येथे पहाऱ्यापेक्षा झोपण्यापूर्वीची मांडणी अधिक उपयोगी पडते. ब्रिटनमध्ये 1991 साली आणि अमेरिकेत 1994 साली बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढील वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. म्हणून या घरी झोळी बाजूला ठेवली गेली, कारण तिच्या बाकामुळे हनुवटी छातीवर टेकून श्वासमार्ग अरुंद होऊ शकतो. आईच्या हाताच्या अंतरावर सपाट, घट्ट गादीचा वेगळा बिछाना झाला. राईची उशी, मऊ दुलई आणि खेळणी निघाली. रावेरच्या उन्हाळ्यात टोपी व जाड दुपटे यांनी बाळ तापते, म्हणून सुती झबले पुरेसे ठरले. मानेला हात लावून घाम नाही, एवढे पाहिले की झाले.

उरली झोप. ती चैन नव्हे, बाळाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे. थकलेल्या माणसाला बाळ छातीशी धरून सोफ्यावर डुलकी लागणे, हा थांबून येणाऱ्या श्वासापेक्षा कितीतरी मोठा धोका असतो. या घरी पाळ्या ठरल्या. दहा ते दोन वडील जागे, दोन ते सहा आजी. आई फक्त दूध पाजण्यापुरती उठते. बाळ दर दोन-तीन तासांनी दुधाला उठतेच, आणि जोमाने दूध ओढणारे गुलाबी ओठांचे बाळ ही त्या रात्रीची पुरेशी तपासणी असते. दुकानाची रोकड रात्री एकदा नीट जुळवतात, दर दहा मिनिटांनी गल्ला उघडून मोजत नाहीत.

बाळ दुसऱ्याच्या हाती सुखरूप असतानाही आईला आठवडे न् आठवडे झोप येत नसेल आणि मनातील भीती हटत नसेल, तर तो तिचा स्वभाव समजू नये. प्रसूतीनंतर येणारा हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. हे डॉक्टरांना सांगण्यास घरातील वडीलधाऱ्यांनी पुढाकार घ्यावा.

पुढच्या रात्री अडीच वाजता बाळाचा श्वास पुन्हा थांबला. आजींनी हात पुढे केला नाही. त्यांनी मोजले. आठव्या सेकंदाला पोट हलले. पलीकडे आई गाढ झोपली होती. तिला कोणी उठवले नाही.