बाटलीतली साखर चमच्यात मोजा

वरवंडच्या चारी बाजूंना ऊस आहे, त्यामुळे साखर आपल्याला नवी नाही. चहात दोन चमचे की तीन, यावरून घरात बोलाचाली होते. पण हायवेवरच्या दुकानातून आणलेल्या थंड बाटलीत किती चमचे आहेत, हे कुणी विचारत नाही. कंपनी ते ग्रॅममध्ये छापते, तेही मागे, बारीक इंग्रजीत. आमचं स्पष्ट मत आहे की चमच्यांचा आकडा समोरच मराठीत छापला पाहिजे. तोवर हिशोब आपणच करू.

बाटलीमागच्या तक्त्यात ‘टोटल शुगर्स’ ही ओळ शोधा. शाळेत जाणारी मुलगी ती पटकन वाचून दाखवेल. चहाचा सपाट भरलेला चमचा म्हणजे साधारण ४ ग्रॅम साखर, म्हणून ग्रॅमला ४ ने भागायचं. फसगत होते ती इथे, कारण तो आकडा बहुधा १०० मिलीचा असतो, सगळ्या बाटलीचा नाही. समजा आंब्याच्या पेयाची बाटली ६०० मिलीची आहे आणि १०० मिलीला १४ ग्रॅम साखर लिहिली आहे. सहा चौदे चौऱ्याऐंशी. ८४ भागिले ४, म्हणजे २१ चमचे! मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसभरात ५० ग्रॅमच्या, म्हणजे बारा-साडेबारा चमच्यांच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २५ ग्रॅमच्या आत राहिली तर आणखी बरं.

हा भागाकार सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो लेकराला जुलाब लागतात तेव्हा. ‘ओआरएस’ असं नाव मिरवणारी गोड पेयं खोक्यांतून वर्षानुवर्षं विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. नाव बदललं तरी आतलं पेय तेच असू शकतं, म्हणून आकडा बघा.

खऱ्या ओआरएसच्या एक लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे लिटरभर पाण्यात साडेतीन चमच्यांहूनही कमी. आतड्यातून मीठ आणि पाणी रक्तात ओढून घ्यायला एवढं गोड पुरतं. आता २०० मिलीचं एखादं खोकं घ्या. १०० मिलीला ११ ग्रॅम असेल तर एका खोक्यात २२ ग्रॅम, साडेपाच चमचे झाले. तेवढ्याच खऱ्या ओआरएसमध्ये एक चमचाही भरत नाही. जादा साखर पाण्याला उलट आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. आई म्हणते, “पाजतेय तरी थांबेना,” त्यामागे कधी कधी हेच असतं.

पुडी उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे मिळते. तिच्यावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घाला, वरून साखर नको. लेकरू सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, तर ओआरएस पाजत पाजतच दवाखाना गाठा.