चाळीस पैशांचा संशय

पांढुर्णा 2023 साली जिल्हा झाला आणि सौसर त्यात आलं, पण आमच्या घरातल्या हिशेबात फरक पडला नाही. मी राहते पांढुर्ण्याला आणि नोकरी सौसरला, ठिबक सिंचनाचं सामान विकणाऱ्या एका दुकानात. काम सेल्स क्लार्कचं. कोटेशन काढायचं, ऑर्डर चढवायची, बिल करायचं. सगळं ईआरपीवर.

गोष्ट पोळ्याच्या आधीची. एका सरकारी टेंडरमध्ये ठिबकच्या लॅटरल नळ्या हव्या होत्या. 16 मिमीच्या 50,000 मीटर आणि 12 मिमीच्या 10,000 मीटर. कागद हिंदीत आणि दर ‘प्रति मीटर’ मागितलेला. दर भरायची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी 3 वाजेपर्यंत.

मी ईआरपीत कोटेशन काढलं. 16 मिमीचे 4,80,000 रुपये, 12 मिमीचे 1,00,000. शेठ खूश झाले. म्हणाले, “एवढ्या कमी दरात कोणी उतरत नाही. पोरी, हे टेंडर आपलंच.”

मी प्रिंट काढली आणि सहज दर वाचले. 12 मिमी, दहा रुपये मीटर. 16 मिमी, नऊ रुपये साठ पैसे. मी पुन्हा वाचलं. जाड नळी बारीक नळीपेक्षा चाळीस पैशांनी स्वस्त कशी? तिला प्लॅस्टिक जास्त लागतं. संत्र्याच्या बागेत वाढलेल्या पोरीला एवढं कळतं.

मी नवी दरयादी उघडली. कंपनीने दर बंडलाचे दिले होते. 16 मिमीचं बंडल 4,800 रुपये. आकडा बरोबर होता, मीच चढवला होता. मग ईआरपीत वस्तूचं पान पाहिलं. तिथे लिहिलं होतं, 1 बंडल म्हणजे 500 मीटर. 4,800 भागिले 500, नऊ रुपये साठ पैसे. भागाकारही बरोबर. म्हणजे चूक असलीच तर त्या 500 मध्ये होती.

गोडाऊनात गेले. काका म्हणाले, “काहून व, जेवाच्या वेळेले इकडं?” मी नव्या मालाची चिठ्ठी वाचली. त्यावर 400 मीटर होतं. मागच्या रांगेतल्या जुन्या बंडलावर 500. काका म्हणाले, “आता लहानच बंडल येते. उचलाले हलकं लागते.”

म्हणजे खरा दर 4,800 भागिले 400, बारा रुपये. आमची खरेदीच मीटरमागे अकरा रुपयांची. नऊ साठने दिलं असतं तर मीटरमागे एक रुपया चाळीस पैसे तोटा, 50,000 मीटरवर 70,000 रुपये. गाडीभाडं आणि हमाली वेगळी. शिवाय ईआरपी सांगत होता की 100 बंडलं पुरतील. प्रत्यक्षात नव्या मालाची 125 लागली असती.

खरी भीती शेठना सांगायची होती. यादी मी चढवली होती आणि मीटरची नोंद तपासली नव्हती. मी प्रिंटवर दोन्ही भागाकार लिहिले, बंडलाची चिठ्ठी शेजारी ठेवली आणि म्हटलं, “शेठ, माझी चूक आहे. दर बारा भरावा लागेल.”

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग विचारलं, “दर उघडल्यावर कळलं असतं तर?”

उत्तर त्यांनाही ठाऊक होतं. मुदत संपेपर्यंत भरलेला दर बदलता येतो. एकदा दर उघडले की बदल नाही, आणि माघार घेतली तर अनामत रक्कम जाते.

संध्याकाळी अकाउंटवाल्या दादांनी 500 चं 400 करायला हात घातला. मी थांबवलं. जुना 500 मीटरचा माल गोडाऊनात होताच. नोंद बदलली असती तर तो माल कागदावर कमी झाला असता. म्हणून 400 च्या बंडलाला वेगळा कोड दिला आणि दोन्हींचा साठा मीटरमध्ये ठेवला. त्या दिवसापासून नवी यादी आली की मी आधी चिठ्ठी वाचते, आणि कोटेशन निघालं की मीटरचा दर खरेदीच्या दराशेजारी ठेवून बघते.

दुसऱ्या दिवशी बारा रुपयांनीच दर भरला. टेंडर आम्हाला मिळालं नाही. दुसऱ्या कोणाचा दर आमच्यापेक्षा कमी होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेठनी सगळ्यांना पगार दिला. माझ्या पाकिटावर त्यांनी पेनाने लिहिलं होतं, ‘70,000 वाचले’. आत पगार तेवढाच होता. पाकीट मात्र मी अजून जपून ठेवलंय.